राजीनाम्याचे पेपर टाकण्याआधी: ऑफरमधल्या मेडिकल आणि कागदपत्रांच्या अटी एचआरला कशा विचारायच्या

ऑफर लेटर हातात आलं की नजर आधी सीटीसीवर जाते, मग जॉइनिंगच्या तारखेवर. शेवटच्या पानावर सहीच्या थोडं अलीकडे असलेलं वाक्य सहसा कोणी वाचत नाही. ते साधारण असं असतं: ही नेमणूक कंपनीने ठरवलेल्या वैद्यकीय तपासणीत पात्र ठरणे, पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक होणे आणि आवश्यक कागदपत्रे सादर करणे यांच्या अधीन आहे, अट पूर्ण न झाल्यास ऑफर रद्द समजली जाईल.

वाक्य छापील असतं, सगळ्यांच्या पत्रात असतं आणि बहुतेकांना त्याचा कधी त्रासही होत नाही. खरा घोळ तारखांचा असतो. कारखान्यांमध्ये मेडिकल जॉइनिंगच्या आठवडाभर आधी, कधी तर जॉइनिंगच्याच दिवशी सकाळी ठेवतात. तोवर उमेदवाराने जुन्या कंपनीत साठ दिवसांची नोटीस भरलेली असते, त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेला असतो, आणि त्या दिवशी डॉक्टरने कागदावर ‘तात्पुरते अपात्र’ लिहिलं तर तो माणूस दोन्हीकडून सुटतो. म्हणून एचआरला विचारायची मुख्य गोष्ट ‘माझी ऑफर पक्की आहे ना?’ ही नाही. ‘ही तपासणी मी राजीनामा देण्याआधी होऊ शकते का?’ हा प्रश्न विचारायचा.

पुढचं सगळं एका उदाहरणाला धरून सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही. समजा, चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर आहे. वय अडतीस, नोटीस पिरियड साठ दिवसांचा. त्याला कुरकुंभच्या एका केमिकल प्लांटची ऑफर ३ जूनला आली आहे, जॉइनिंग १० ऑगस्ट. ऑफर पाच दिवसांत स्वीकारायची आहे आणि स्वीकारल्यापासून सात दिवसांत राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवायचा आहे. याला गोळ्यांवर आटोक्यात असलेला मधुमेह आहे. पदवीची मार्कशीट आणि प्रोव्हिजनल आहे, पण विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र त्याने कधी अर्ज करून घेतलेलंच नाही.

आधी अटींची वाटणी करा

मेल लिहायला बसण्यापूर्वी ऑफर लेटर, त्याला जोडलेलं परिशिष्ट आणि कागदपत्रांची यादी असं सगळं एकदा शांतपणे वाचा. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा: ही मी सध्याच्या नोकरीत असताना पूर्ण होऊ शकते का?

मेडिकल होऊ शकते. शिक्षणाची पडताळणी, जुन्या कंपन्यांची पडताळणी, पत्त्याची पडताळणी, पोलिसांचा चारित्र्य दाखला, परवान्याची प्रत हेही होऊ शकतं. आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत शासनाचा इलेक्ट्रिकल सुपरवायझरचा परवाना मागितलेला असेल, तर त्याची मुदत आजच बघायला हवी.

दुसऱ्या बाजूला काही अटी स्वभावानेच नंतरच्या असतात. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या महिन्याची पगारपावती, सध्याच्या कंपनीकडून होणारी चौकशी. या राजीनाम्याआधी मागणं कुणालाच शक्य नाही आणि एचआरलाही ते ठाऊक असतं. त्यांच्याबद्दल विचारायचं ते वेगळं: उशीर झाला तर काय चालेल? जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर फुल अँड फायनल म्हणजे शेवटच्या हिशेबाबरोबरच देते, म्हणजे शेवटच्या दिवसानंतर महिना-दीड महिना जाऊ शकतो. तोवर राजीनामा मंजुरीचा मेल आणि शेवटच्या तीन पगारपावत्या चालतील का, हे आताच विचारलेलं बरं.

ही वाटणी केल्याचा फायदा असा की मेलमध्ये मोजके प्रश्न राहतात. पंधरा प्रश्नांचा मेल गेला की समोरच्याला वाटतं, या माणसाला यायचंच नाही.

कुणाला विचारायचं

ऑफर कन्सल्टंटमार्फत आली असेल तर तो सांगेल, ‘सर, मेडिकल म्हणजे फॉर्मॅलिटी असते, तुम्ही बिनधास्त पेपर टाका.’ तो खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्याचं बिल तुम्ही रुजू झाल्यावर निघतं, आणि मेडिकलचा निकाल त्याच्या हातात नसतो. त्याला कल्पना द्या, उत्तर मात्र कंपनीच्या एचआरकडून, कंपनीच्या मेल आयडीवरूनच घ्या.

इंटरव्ह्यू घेतलेल्या प्लांट हेडला हा प्रश्न विचारू नये. तो मनापासून म्हणेल ‘काही होत नाही, या तुम्ही’, आणि त्या शब्दाला एचआरच्या फाईलमध्ये जागा नसते.

एचआरची बाजूही समजून घ्या, कारण विनंती कशी करायची ते त्यावर ठरतं. मेडिकलचा खर्च कंपनी करते. ऑफर घेऊन न येणारे उमेदवार भरपूर असतात. त्यामुळे तपासणी जितकी जॉइनिंगजवळ तितका खर्च वाया जाण्याचा धोका कमी, असा साधा हिशेब असतो. तुमच्यावर अविश्वास म्हणून ती शेवटी ठेवलेली नसते. म्हणून विनंतीसोबत हा धोका कमी करणारं काहीतरी द्या: ऑफर स्वीकारल्याची सही, किंवा ‘तुमच्याच पॅनलच्या केंद्रात आता स्वतःच्या खर्चाने करतो, रुजू झाल्यावर परतावा द्या’ असा प्रस्ताव. हा दुसरा प्रस्ताव फार थोडे उमेदवार ठेवतात, आणि तो पुष्कळदा चालून जातो.

आधी फोन, मग मेल

थेट मेल टाकला तर तो वाचताना कोरडा वाटू शकतो. आधी दोन मिनिटांचा फोन करावा. दुपारी जेवणानंतरची वेळ बरी. सकाळी एचआर हजेरी आणि बसच्या तक्रारींत असतात.

‘नमस्कार मॅडम, ऑफर मिळाली, धन्यवाद. मला यायचंच आहे, आज स्वीकारल्याचा मेल करतोय. एक विचारायचं होतं. माझी नोटीस साठ दिवसांची आहे, आणि एकदा राजीनामा दिला की इथे मागे घेता येत नाही. पत्रात मेडिकल आणि पार्श्वभूमी पडताळणीची, म्हणजे बीजीव्हीची, अट आहे. ती दोन्ही राजीनाम्याआधी करून घेता येतील का? मी एका दिवसाची रजा टाकून तुमच्या केंद्रात येऊ शकतो.’

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘यायचं आहे’, मग स्वतःची अडचण, मग विनंती, शेवटी आपली तयारी. ‘तुम्ही ऑफर रद्द केलीत तर जबाबदार कोण?’ हे वाक्य मनात कितीही आलं तरी बोलू नका. त्याचं उत्तर कोणताही एचआर देऊ शकत नाही.

फोन झाला की त्याच दिवशी मेल. बहुतेक कंपन्यांत तो इंग्रजीत जाईल. मजकूर मात्र एवढाच ठेवा:

> नमस्कार मॅडम,
>
> आज फोनवर बोलल्याप्रमाणे ३ जूनची ऑफर मी स्वीकारत आहे. सही केलेली प्रत सोबत आहे.
>
> ऑफरमध्ये वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमी पडताळणीची अट आहे. माझी नोटीस साठ दिवसांची असल्याने या दोन्ही गोष्टी राजीनाम्याआधी पूर्ण झाल्यास सोयीचे होईल. कृपया पुढील बाबी कळवाव्यात:
>
> १. तपासणी कोणत्या केंद्रात होईल, आणि ती ८ ते १२ जूनच्या आठवड्यात करता येईल का?
> २. या पदासाठी कोणत्या चाचण्या आहेत? एखाद्या चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर आल्यास फेरतपासणीची सोय आहे का?
> ३. पडताळणीपैकी कोणता भाग जॉइनिंगआधी आणि कोणता नंतर होतो? सध्याच्या कंपनीशी माझ्या राजीनाम्यानंतरच संपर्क साधावा, ही विनंती.
>
> मेडिकल आणि राजीनाम्याआधी होणारी पडताळणी पूर्ण झाल्याचा आपला मेल आल्यावर मी त्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी राजीनामा देईन. त्यानुसार जॉइनिंगची तारीख १० ऐवजी २४ ऑगस्ट करता येईल का?

शेवटचा परिच्छेद सगळ्यात कामाचा आहे. तुम्ही टाळाटाळ करत नाही, ठरावीक गोष्ट झाली की ठरावीक दिवशी राजीनामा देणार आहात, हे त्यातून दिसतं. आणि सात दिवसांत मंजुरीचा मेल द्यायची अट आपोआप पुढे सरकते. एचआरने या मेलला ‘ओके’ म्हटलं की ती मुदत वाढली, असं समजायला हरकत नाही. तरी ‘म्हणजे राजीनाम्याची सात दिवसांची मुदत क्लिअरन्सच्या मेलपासून धरू ना?’ अशी एक ओळ परत पाठवून ठेवा.

२४ ऑगस्ट कुठून आला? मेडिकलला एक दिवस, अहवाल यायला दोन-चार दिवस, पडताळणीला साधारण दोन आठवडे धरले तर १९ जूनच्या आसपास क्लिअरन्स येतो. २२ जूनला राजीनामा दिला तर जूनचे नऊ, जुलैचे एकतीस आणि ऑगस्टचे वीस मिळून साठ दिवस होतात. शेवटचा दिवस २० ऑगस्ट. मध्ये तीन दिवस घर हलवायला. एचआरला दोन आठवड्यांची वाढ मागताना हा हिशेब तोंडपाठ असला की मागणी मोघम वाटत नाही. त्यांना १० ऑगस्टच हवी असेल तर नोटीस बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटणं, किंवा शिल्लक रजा यांतून दिवस कमी करण्याचं बघता येतं, पण ते पैसे कोण भरणार हेही मेलवरच.

उत्तर कसं वाचायचं

‘ठीक आहे, मेडिकलला १० जूनला या’ असं उत्तर आलं तर प्रश्न मिटला.

‘मेडिकल आता करू, बीजीव्ही जॉइनिंगनंतर चालू राहते’ हे उत्तरही वाजवी आहे. पडताळणी बाहेरची एजन्सी करते आणि सध्याच्या कंपनीचा भाग नंतरच होतो. तुमची कागदपत्रं सरळ असतील तर एवढ्यावर राजीनामा द्यायला हरकत नाही.

‘आमची पॉलिसी आहे, मेडिकल जॉइनिंगच्या दिवशीच होतं’ या उत्तरावर लगेच मागे हटू नका, वादही घालू नका. एक पर्यायी विनंती करा: ‘समजलं मॅडम. मग चाचण्यांची यादी आणि पात्रतेचे निकष मिळतील का? मी बाहेर करून बघतो.’ यादी मिळाली की एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी, आणि एखाद्या ऑक्युपेशनल हेल्थच्या डॉक्टरकडे बाकीचं करून घ्या. हा अहवाल कंपनीला बांधील नसतो, पण काय निघणार हे तुम्हाला आधी कळतं. निम्मी भीती तिथेच जाते.

आणि ‘काळजी करू नका, आजवर कुणाची ऑफर गेली नाही’ हे फक्त फोनवर, मेलला मात्र शांतता, असं झालं तर तीन कामाच्या दिवसांनी त्याच मेलवर एक आठवण पाठवा. तरी काही नाही, तर त्या कंपनीत पुढे पगारवाढीचा मेलसुद्धा असाच लोंबकळेल, असा अंदाज बांधायला मी तरी कचरणार नाही.

मेडिकल फी किंवा कागदपत्रांची अनामत म्हणून एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले, तर ती ऑफरच तपासायला हवी. मूळ प्रमाणपत्रं दाखवायला न्यायची, ठेवून यायची नाहीत.

आजार असेल तर किती सांगायचं

आपल्या इंजिनिअरला मधुमेह आहे. एचआरला मेलमध्ये ‘मला शुगर आहे, चालेल का?’ असं लिहावं का? माझं मत, नाही. एचआर डॉक्टर नसतो. तो ‘माहीत नाही’ म्हणेल किंवा उगाच घाबरेल. वर दुसरा प्रश्न चाचण्या आणि फेरतपासणीचा ठेवलाय तो यासाठीच. फारच गरज वाटली तर एवढंच विचारा: ‘माझी एक नियमित औषधं चालू असलेली, नियंत्रणात असलेली तक्रार आहे. त्याबद्दल तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांशी आधी बोलता येईल का?’

डॉक्टरसमोर मात्र लपवू नका. तपासणीच्या फॉर्मवर ‘मधुमेह, रक्तदाब, फिट्स, ऑपरेशन’ असे रकाने असतात आणि खाली सही असते. आजारापेक्षा त्या सहीखालची खोटी माहिती नंतर जास्त महागात पडते. ती पुढे नोकरीवरून काढायला कारण ठरू शकते. आटोक्यातल्या मधुमेहासाठी बहुतेक डॉक्टर अडवत नाहीत. इन्सुलिनमुळे अचानक साखर उतरण्याचा इतिहास असेल आणि काम उंचीवरचं किंवा एकट्याने रात्रपाळीचं असेल, तेव्हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

इलेक्ट्रिकलच्या माणसाला याहून मोठा अडथळा रंगदृष्टीचा असतो. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची इशिहाराची चाचणी असते, त्यात लाल-हिरव्याचा घोळ पकडला जातो. केबलचे रंग आणि पॅनलवरचे दिवे ओळखायचे असल्याने इथे कंपनी सवलत देत नाही. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाही आपल्यात हा दोष आहे हे पहिल्यांदा अशाच मेडिकलला कळतं. सौम्य दोष असेल तर डी-१५ सारखी पुढची चाचणी किंवा प्रत्यक्ष कामावरची चाचणी घ्यायची विनंती करता येते. पण ती विनंती नोकरी शाबूत असताना करणं आणि नोटीस संपल्यावर करणं यात फार फरक आहे.

काही गोष्टी विचारण्याचा हक्क कंपनीला नसतो, हेही माहीत असू द्या. नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायद्याने मनाई आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बायकांना पाळी आणि गर्भारपणाबद्दलचे खाजगी तपशील घोषणापत्रात विचारण्यावर सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीच्या एका प्रकरणात १९९१ मध्येच नापसंती नोंदवली आहे. यादीत अशी चाचणी दिसली तर भांडण न काढता लिहा: ‘ही चाचणी या पदासाठी कशासाठी लागते ते कळू शकेल का?’ अनेकदा यादी जुनी असते आणि लेखी प्रश्न आला की ती ओळ गळते. गर्भवती असाल तर छातीच्या एक्स-रेआधी तंत्रज्ञाला मात्र जरूर सांगा.

तपासणीच्या दिवशी

निकाल मर्यादेबाहेर जाण्याची किरकोळ कारणं टाळता येतात. उपाशीपोटी साखर असेल तर रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास फक्त पाणी. मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं हे स्वतःच्या डॉक्टरला आदल्या दिवशी विचारा, आणि तीन महिन्यांतला एचबीए१सी अहवाल व प्रिस्क्रिप्शन सोबत न्या. ऑडिओमेट्री असेल तर प्रेस शॉपमधली रात्रपाळी करून थेट जाऊ नका; गोंगाटानंतर काही तास ऐकू कमी येतं आणि ते आलेखात उतरतं. सर्दी-खोकला असेल तर फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी खराब येते, तारीख बदलून मागा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अमली पदार्थांच्या चाचणीत दिसू शकतं. औषधाची चिठ्ठी आधीच दाखवा. जिना चढून आल्या आल्या रक्तदाब मोजू देऊ नका. पाच मिनिटं बसतो म्हणा. जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा. चष्मा विसरू नका.

निघताना अहवालाची प्रत कधी आणि कुणाकडून मिळेल ते विचारा. पुष्कळ केंद्रं ती फक्त कंपनीलाच पाठवतात.

कागदपत्रांतले खड्डे

पडताळणीत अडकणारी माणसं बहुधा खोटी नसतात. त्यांचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नाही. लग्नानंतर बदललेलं आडनाव अर्ध्या कागदांवर. हे स्वतःहून सांगा: ‘माझ्या मार्कशीटवर नावाचा क्रम वेगळा आहे. त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेल की राजपत्राची प्रत लागेल?’ एजन्सीने शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही बरं.

पदवी प्रमाणपत्राचंही तसंच. आपल्या इंजिनिअरने विचारायचं: ‘प्रोव्हिजनल आणि सर्व वर्षांच्या मार्कशीट देतो. मूळ पदवी प्रमाणपत्रासाठी आज अर्ज केला आहे, पावती सोबत आहे. ते मिळेपर्यंत मुदत मिळेल का?’ पावती जोडली की बहुतेक ठिकाणी मुदत मिळते. नुसतं ‘देतो नंतर’ म्हटलं की अट तशीच टांगती राहते.

तिसरी जागा ईपीएफओची. यूएएनच्या खात्यात सर्व्हिस हिस्टरी उघडून बघा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर कागदोपत्री तुम्ही दोन ठिकाणी एकाच वेळी कामाला दिसता. नोकरी सोडून दोन महिने उलटले असतील तर ती तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतः भरता येते. ती रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळली पाहिजे.

आणि बीजीव्हीच्या फॉर्मवर ‘सध्याच्या कंपनीशी आता संपर्क साधावा का?’ हा रकाना असतो. तिथे ‘नाही’ लिहून राजीनाम्याची संभाव्य तारीख टाका. मेलमध्ये विनंती केली म्हणून हा रकाना मोकळा सोडू नका; एजन्सीचा माणूस तुमचा मेल वाचत नाही, फॉर्म वाचतो.

‘तात्पुरते अपात्र’ आलं तर

हा शेरा नकार नसतो. बहुधा रक्तदाब, साखर किंवा हिमोग्लोबिन दुरुस्त करून पुन्हा या, असा त्याचा अर्थ असतो. एचआरला लिहा: ‘कोणता निष्कर्ष मर्यादेबाहेर आहे आणि फेरतपासणी किती दिवसांनी होईल ते कळवावे. तोवर राजीनामा थांबवतो आहे. ऑफर त्या तारखेपर्यंत वैध राहील, असा मेल मिळावा.’ महिन्याभराची वाट बघायला कंपनी तयार नसेल तर ऑफर जाते, पण चाकणची नोकरी तशीच असते.

‘मर्यादांसह पात्र’ असा शेरा आला तर वेगळी सावधगिरी. उंचीवर काम नको, रात्रपाळी नको अशी मर्यादा असेल, तर तेच पद आणि तोच पगार कायम आहे का, शिफ्ट भत्त्याचं काय होणार, हे राजीनाम्याआधी लेखी विचारा. मेंटेनन्सच्या पगारात रात्रपाळीचा भत्ता धरलेला असेल, तर ऑफरमधला आकडा आणि हातात येणारा आकडा वेगळे निघू शकतात.

क्लिअरन्सचा मेल आल्यावर तो, स्वीकारलेली ऑफर आणि बदललेल्या जॉइनिंग तारखेचा मेल असे तिन्ही स्वतःच्या खाजगी मेल आयडीवर ठेवा, कंपनीच्या नाही. राजीनामा दिल्यावर तो आयडी कधी बंद होईल सांगता येत नाही. दुसऱ्या कामाच्या दिवशी राजीनामा पाठवा, आणि मंजुरीचा मेल आला की शेवटच्या दिवसाच्या तारखेसह तो नव्या एचआरकडे पाठवून द्या.